सोनू, वाणी, डॉक्टर आणि बसस्टॉपला कसं जायचं ते

सोनू, आम्ही पहाटेच निघतोय, गौरी विसर्जन झालं की दोन दिवसांनी परत येऊ, तू गाढ झोपली असशील म्हणून उठवत नाही, सगळं इथेच लिहून ठेवते. गेटमधून बाहेर पडलीस की उजवीकडे शिवाजी पार्क आणि डावीकडे एल. जे. रोड, एवढं डोक्यात ठेव म्हणजे चुकणार नाहीस.

वाणी डावीकडे. सरळ एल. जे. रोडच्या नाक्यापर्यंत जा, रस्ता क्रॉस नको करूस, उजवीकडे वळलं की चौथं दुकान, दारात कांद्याबटाट्याची पोती असतात. दुपारी 2 ते 4 बंद. आमच्या बिल्डिंगचं नाव सांग, घरपोच पाठवतात.

आता डॉक्टर, हे नीट वाच कारण या पावसाळी हवेत तुझा दमा कधी उसळेल सांगता येत नाही. डावीकडेच निघायचं, पण पहिल्याच आडव्या गल्लीत डावीकडे वळायचं, तिसरी बिल्डिंग, तळमजला, बाहेर चपलांचा ढीग दिसेल. सकाळी 10 ते 1, संध्याकाळी 6 ते 9, रविवारी बंद, आत गेल्यावर आधी कंपाउंडरकडे नंबर लाव. त्या गल्लीच्या तोंडाशीच चार पेव्हर ब्लॉक सुटलेत, वरून अगदी सपाट दिसतात पण पाय पडला की एक बाजू वर येते आणि खालचं पाणी गुडघ्यापर्यंत उडतं, मागच्या जुलैत मी तिथेच पडले आणि मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. तिथे फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेनेच चाल. रात्री धाप लागली तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही, शेजारच्या काकूंची बेल वाजव, कितीही वाजलेले असू देत, आणि टॅक्सीने सरळ माहीमचं हिंदुजा गाठा, किंवा 108 ला फोन कर. पंप फ्रिजवरच्या डब्यात आहे, बाहेर जाताना पर्समध्ये टाकत जा.

बसस्टॉपला उजवीकडे निघायचं. पार्क लागलं की डावीकडे वळून कट्ट्याच्या कडेकडेने चालत राहा, कट्टा वळेल तशी तूही वळ, कॅडल रोड येईल, म्हणजे बोर्डावरचा सावरकर मार्ग. दहा-बारा मिनिटं लागतात. सिद्धिविनायक, प्रभादेवीकडे जायचं तर पार्काच्याच बाजूच्या स्टॉपवर थांब, माहीमकडे जायचं तर सिग्नलला क्रॉस करून समोर. कमीत कमी तिकीट साध्या बसला 10 रुपये, एसीला 12, सुटे पैसे दाराजवळच्या वाटीत ठेवलेत.

फक्त दीड दिवसाच्या, पाचव्या आणि गौरीच्या विसर्जनाला दुपारनंतर तिकडे जाऊच नकोस, सगळे गणपती दादर चौपाटीकडे निघालेले असतात आणि कॅडल रोड गाड्यांना बंद करतात. त्या दिवशी बाहेर पडायचंच असेल, अगदी हिंदुजाला जायचं असलं तरी, एल. जे. रोडवरूनच टॅक्सी घे.

मांजराला संध्याकाळी 7 ला खायला दे. पोचलो की फोन करते.

मावशी