ओवीच्या आई-बाबांसाठी

नमस्कार. काल निदान सांगितल्यावर तुम्ही दोघंही गप्प झालात. अशा वेळी ऐकलेलं लक्षात राहत नाही, म्हणून लिहून देते आहे. घरी आजीलाही वाचून दाखवा.

ओवीला सेरेब्रल पाल्सी आहे. ती ३० आठवड्यांची असताना जन्मली. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूचा आतला भाग फार नाजूक असतो आणि रक्तपुरवठा कमी पडला की तिथे इजा होते. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांलगत ती दिसते आहे. पायांकडे जाणाऱ्या नसा नेमक्या त्या पोकळ्यांना खेटून असतात, हातांच्या जरा लांबून जातात. म्हणून ती खुळखुळा छान धरते, पण उभं धरलं की पाय ताठ होऊन एकमेकांवर येतात, टाचा टेकत नाहीत. पाय मुळात धड आहेत, मेंदूकडून त्यांना येणारा संदेश बिघडला आहे.

आजींनी विचारलं होतं, "हे वाढत जाणार का?" मेंदूतली इजा वाढत नाही. ती तेव्हा झाली आणि तिथेच थांबली. भरूनही येत नाही, त्यामुळे हालचालीची अडचण कमी-जास्त प्रमाणात कायम राहील. मात्र ओवी वाढणार आहे. हाडं लांब होतात, ताठ स्नायू त्यांच्या बरोबरीने लांब होत नाहीत. पुढे कधी पाय जास्त आखडलेले वाटले, तर मेंदूचा आजार बळावला असं समजू नका. त्यासाठीच रोजचे व्यायाम, पायाचे स्प्लिंट आणि खुबा सरकत नाही ना हे पाहायला ठरावीक काळाने एक्स-रे. उलट, येत असलेलं बसणं किंवा बोलणं जाऊ लागलं, तर लगेच घेऊन या. सेरेब्रल पाल्सीत सहसा तसं होत नाही, मग दुसरं कारण शोधावं लागेल.

चालेल का, हे आज छातीठोकपणे सांगणार नाही. सध्या ती हात टेकवून बसते. दोन वर्षांची होईपर्यंत आधाराशिवाय बसू लागलेली बहुतेक मुलं पुढे चालतात, काही वॉकर किंवा काठ्या घेऊन. आणि पाय ताठ आहेत म्हणून बुद्धी कमी, असं अजिबात धरू नका. तुम्हाला पाहून ती हसते, वाटीखाली लपवलेली बिस्किटं शोधते, ते मी पाहिलं आहे.

ओवीच्या आई, तुम्ही ग्रहणात भाजी चिरली किंवा सातव्या महिन्यापर्यंत कामावर गेलात, म्हणून हे झालेलं नाही. हे तुम्हाला कोणी ऐकवलं असेल, तर हा कागद त्यांच्या हातात द्या.

स्टेम सेलने पूर्ण बरं करतो म्हणणाऱ्यांकडे पैसे घालू नका. तेच पैसे फिजिओथेरपीला लागतील. सोमवारी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात या, एमआरआयची फिल्म आणि जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड बरोबर आणा. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्जही तिथेच भरून घेऊ.