माझ्या पुढच्या उपचारांबद्दलचे इच्छापत्र

दिनांक 14 जून 2025

मी सुमती, वय 72, निवृत्त शिक्षिका, हे इच्छापत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय करत आहे. मी सांगत गेले, माझ्या लेकीने, अनघाने, ते उतरवून घेतले आणि मी स्वतः वाचून सही केली. मला बोलता येते आहे, निदान मान हलवून हो-नाही सांगता येते आहे, तोवर मलाच विचारावे. ते जमेनासे झाले की हा कागद माझ्या वतीने बोलेल.

मला सीओपीडी हा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. फुफ्फुसांची क्षमता असायला हवी त्याच्या 28 टक्क्यांवर आली आहे आणि घरी नळीने ऑक्सिजन सुरू असतो. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला तेव्हा मी नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते. घशात नळी, हात बांधलेले, पाणी हवे हेसुद्धा सांगता येत नव्हते. तेव्हा मला वाचवले याबद्दल मी सगळ्यांची ऋणी आहे. पण फुफ्फुसे आता भरून येणार नाहीत, आणि पुन्हा व्हेंटिलेटर लावला तर तो काढता येईलच असे नाही, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले आहे. ते ऐकूनच मी पुढचे ठरवले आहे.

हृदय किंवा श्वास थांबल्यास

माझ्या आजारामुळे हृदय थांबले तर छातीवर दाब देऊ नये, विजेचे झटके देऊ नयेत, घशात नळी घालू नये. या प्रयत्नात बरगड्या मोडू शकतात, मेंदूला इजा होऊ शकते आणि माझ्यासारख्या रुग्णाला त्यातून घरी परतण्याची आशा फार थोडी असते, हे मला समजले आहे. मला शांतपणे जाऊ द्यावे.

मात्र घशात घास अडकला, औषधाची ॲलर्जी आली, असे अचानक आणि दूर करता येण्यासारखे काही घडले तर ते जरूर दूर करावे. 'सीपीआर नको', म्हणजे छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करायचा प्रयत्न नको, याचा अर्थ 'उपचार नकोत' असा कुणीही घेऊ नये. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तसा गैरसमज होतो.

त्याआधीचे उपचार

धाप वाढली तर बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे यंत्र, चालेल, पण जास्तीत जास्त तीन दिवस. तेवढ्यात आराम पडला नाही, किंवा मीच मास्क सारखा ओढून काढू लागले, तर तो बंद करावा; बंद करण्याआधी धाप लागू नये म्हणून औषध द्यावे. रक्तातला ऑक्सिजन 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा, माझ्या बाबतीत जास्त दिल्याने त्रास होतो. जंतुसंसर्गावर तोंडाने घ्यायची औषधे चालतील. आयसीयू, डायलिसिस आणि नाकातून घातलेल्या नळीने अन्न नको. घरी त्रास आवरत नसेल तरच रुग्णालयात न्यावे.

आरामासाठी

यात हात आखडता घेऊ नये. धाप आणि वेदनेसाठी मॉर्फिन थोड्या मात्रेपासून सुरू करून लागेल तसे वाढवावे, सोबत बद्धकोष्ठतेचे औषध रोज द्यावे. त्याने गुंगी आली तरी मला मान्य आहे. घाबरे झाले तर त्यावरही औषध द्यावे. तोंडावर छोटा पंखा धरावा. मला त्याने खरोखर बरे वाटते. डोक्याकडची बाजू उंच ठेवावी, ओठ आणि जीभ ओलसर ठेवावी. मी खाईन तेवढेच भरवावे, आग्रह नको. रोजच्या रक्ततपासण्या आणि सुया थांबवाव्यात. खोलीत माझ्यासमोर माझ्याबद्दल कुजबुज करू नये. मी ऐकत असेन असे धरून माझ्याशी बोलावे.

माझ्या वतीने निर्णय

या कागदात न आलेल्या गोष्टींचा निर्णय अनघा घेईल. ती हाताशी नसेल तर माझी धाकटी बहीण कुसुम. नितीन, तू दूर आहेस आणि ऐन वेळी पोहोचलास तर 'काहीतरी करा' असे तुझ्या तोंडून निघेल, हे मी आई म्हणून जाणते. हे अनघाने ठरवलेले नाही, मी ठरवले आहे. तिच्याशी भांडू नकोस, माझ्याजवळ बस.

हे इच्छापत्र मी केव्हाही बदलू शकते. दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक वेळी रुग्णालयातून घरी आल्यावर ते डॉक्टरांसोबत पुन्हा वाचायचे आहे. मूळ प्रत माझ्या औषधांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर आहे. इतर प्रती अनघा, नितीन, कुसुम आणि माझे डॉक्टर यांच्याकडे आहेत. रुग्णवाहिका बोलावली तर आधी ही फाइल हातात द्यावी.

सही : सुमती

साक्षीदार : शेजारीण आणि माझी जुनी सहकारी शिक्षिका. दोघींनी माझ्यासमोर सही केली असून दोघींनाही माझ्या मालमत्तेत वाटा नाही.

डॉक्टरांची नोंद : रुग्णाशी आजार, पर्याय आणि परिणाम यांविषयी सविस्तर बोललो. निर्णय घेण्याची क्षमता पूर्ण आहे. पुढील फेरवाचन डिसेंबर 2025.