विषय: 16,765 डॉलर जमा, पर्पज कोड P0102 हवा, P1006 नाही

नमस्कार मॅडम,

काल फोनवर बोललो तेच लेखी पाठवतोय. 22 जुलैला आमच्या 4417 ने संपणाऱ्या करंट अकाउंटसाठी 16,765 डॉलर आलेत आणि तुमच्याकडून विचारणा आली की हे कन्सल्टिंगचे पैसे आहेत का. तर नाही, हे मालाचेच पैसे आहेत. बायरच्या बँकेने स्विफ्ट मेसेजच्या फील्ड 70 मध्ये consulting टाकलंय म्हणून सिस्टमने P1006 उचलला असणार, पण त्याच मेसेजमध्ये पुढे आमचा इनव्हॉइस नंबर EXP/25-26/031 आहे, तो एकदा बघा प्लीज.

इनव्हॉइस पितळी व्हॉल्व्हचा, 24,000 डॉलर, एफओबी. त्यातले 30 टक्के म्हणजे 7,200 डॉलर 3 एप्रिलला अ‍ॅडव्हान्स आले, ते तुमच्याकडेच P0103 खाली नोंदलेत. 14 मेला माल गेला, 30 मेला शिपिंग बिल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग तुमच्या ब्रँचला कलेक्शनसाठी दिलेत, पोच सोबत जोडलीय. आता आलेत ते उरलेले 16,800, मालानंतरचे आणि कलेक्शनवरचे, म्हणून P0102. अ‍ॅडव्हान्सच्या कोडमध्ये हे घालू नका, नाहीतर माल जायचा बाकी आहे असं दिसत राहील.

35 डॉलर कमी आलेत ते मधल्या बँकेने चार्जेस म्हणून कापलेत, स्विफ्ट कॉपीत 71F मध्ये दिसतंय. बायरने पूर्ण रक्कम सोडलीय, त्यामुळे हे फॉरेन बँक चार्जेस म्हणून धरून शिपिंग बिल पूर्ण क्लोज करा, 35 डॉलरसाठी ईडीपीएमएसमध्ये बिल अडकून पडायला नको.

कोडचा एवढा आग्रह यासाठी की चुकीच्या कोडने आयआरएम डीजीएफटीकडे गेला की त्यावर मालाची ई-बीआरसी काढता येत नाही, मग तो रद्द करून परत पाठवायचा, आणि तोवर आमचं शिपिंग बिल ओपनच दिसणार. त्यामुळे आधी कोड बदला, मगच आयआरएम सोडा, ही खरी विनंती आहे.

सोबत इनव्हॉइस, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग, पर्चेस ऑर्डर, अ‍ॅडव्हान्सचा एफआयआरसी, 30 मेची पोच आणि सही-शिक्क्यासह पर्पज डिक्लेरेशन आहे. बायरकडून consulting हा शब्द चुकून पडल्याचा ईमेलही जोडलाय. त्यांच्या बँकेकडून स्विफ्ट दुरुस्ती लागणारच असेल तर आजच सांगा, कारण तिकडे कळवून मेसेज यायला वेळ जातो आणि रक्कम तोवर होल्डवर राहील.

पैसे रुपयातच कन्व्हर्ट करायचेत, ईईएफसीत नको. रेट लावण्याआधी मात्र फोन करा, मी संध्याकाळपर्यंत ऑफिसातच आहे.

आपला,
निर्यात हिशोब विभाग