देवळामागच्या चार दगडांवर काय लिहिलंय (जेवढं वाचता आलं तेवढंच)

जीर्णोद्धार कमिटीनं बोर्डसाठी मजकूर मागितलाय म्हणून लिहितोय, पण आधी सगळं वाचा, मग बोर्ड रंगवायला द्या. दगड चार आहेत. दोनांवर ओळीच्या ओळी आहेत, एकावर एक श्लोक, आणि चौथा म्हणजे ओढ्यावरचा कपडे धुवायचा. आपला भाग खानापूर तालुक्याचा, हलशी काय लांब नाही, त्यामुळं जुनं कानडी आणि नंतरचं मराठी असं दोन्ही एकाच पिंपळाखाली सापडलं तर नवल नाही, कुणी त्यावरून भांडायला येऊ नये.

खुणा आधी सांगतो. एक टिंब म्हणजे एक अक्षर गेलंय. चौकोनी कंसात जे आहे ते दगडावर नाही, मी अंदाजानं घातलंय. गोल कंसात जे आहे ते दिसतंय पण खात्री नाही. तीन आडव्या रेघा म्हणजे किती अक्षरं गेली तेच कळत नाही. खडू लावून वाचलेलं नाही, कारण खडू आपल्याला हवं तिथंच फिरतो. रात्री बॅटरी दगडाला चिकटवून बाजूनं उजेड पाडला की जे अक्षर दुपारी अजिबात दिसत नाही ते सावलीनं उठून दिसतं. शिवाय ओल्या कागदावर ब्रशनं ठोकून दोन ठसे घेतलेत, ते घरी आहेत, कुणालाही दाखवतो.

पहिला दगड, पिंपळाखालचा, ज्याला आपण म्हसोबा म्हणतो

हा वीरगळ आहे. खाली लढाई आणि गुरं, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, वर पिंड आणि पुजारी, टोकाला चंद्र-सूर्य. कप्प्यांच्या मधल्या पट्ट्यांवर जुन्या कानडीत चार ओळी. देवनागरीत उतरवतोय:

१. स्वस्ति श्री[म]च्चाळुक्य विक्रम (व)र्षद ४(२)नेय . विळंबि संव[त्स]रद पुष्य सु[द्ध] . . वारदंदु
२. --- (ळि)य तुरुवं को[ळे]
३. . . य्य तुरुवं मगुळ्चि पलरं [को]न्दु सुरलोक[प्राप्त]नादं
४. --- (म)ग . --- कल्लं निऱिसिदं

अर्थ: चालुक्य विक्रम वर्ष बेचाळीस (किंवा त्रेचाळीस), पुष्य महिना, शुद्ध पक्ष, अमुक वारी, कुठल्यातरी '...ळि' गावची गुरं लुटून नेली तेव्हा '...य्य' नावाच्या माणसानं गुरं परत आणली, पुष्कळांना मारलं आणि देवलोकी गेला. मुलानं हा दगड उभा केला.

आता घोळ कुठं आहे ते. चालुक्य विक्रम वर्ष म्हणजे सहाव्या विक्रमादित्यानं इ.स. १०७६ ला सुरू केलेली कालगणना. चारचा आकडा स्वच्छ आहे. पुढचा कानडी आकडा वरून अर्धाच राहिलाय, आणि कानडीत दोन आणि तीन वरून सारखेच दिसतात, फरक खालच्या शेपटीत, आणि नेमकी शेपटीच उडालीय. म्हटलं संवत्सरावरून पकडू. तर बेचाळिसावं वर्ष येतं हेविळंबि आणि त्रेचाळिसावं येतं विळंबि, म्हणजे बघा किती नशीब वाईट. 'विळंबि' दिसतंय, आणि त्याच्या आधी एका अक्षराएवढा टवका उडालाय. त्या टवक्यात 'हे' होता का, की दगड आधीच फुटका होता म्हणून कोरणाऱ्यानं जागा सोडली, हे ठशावर सुद्धा ठरत नाही. टवक्याच्या तळाला छिन्नीसारखी एक बारीक रेघ वाटते, म्हणून मी बेचाळीसकडं झुकतोय, पण झुकतोय एवढंच. इ.स. १११७-१८ किंवा १११८-१९. बोर्डवर दोन्ही लिहायचं.

गावाच्या नावाचं शेवटचं अक्षर 'ळि' किंवा 'लि'. आपल्याकडं या शेवटाची गावं ढीगभर, त्यामुळं आपल्याच गावाचं नाव तिथं होतं असं म्हणायला मला जीभ रेटत नाही. दगड दुसरीकडून आणून इथं बसवलेला असू शकतो.

चौथ्या ओळीत एक गंमत झाली. आमच्या धाकट्या भावानं 'मग' वाचलं आणि म्हणाला, बघ मराठी आहे, 'मग कल्लं निरिसिदं'! अरे ते कानडी 'मग', म्हणजे मुलगा. पण गंमत इथंच थांबत नाही, कारण 'ग' नंतर टवका आहे, आणि तिथं 'ळ' असेल तर 'मगळ' म्हणजे मुलगी होते. बापाचा दगड मुलीनं उभा केला असता तर मला आवडलंच असतं, पण शेवटचं 'निऱिसिदं' पुल्लिंगी आहे, बाईसाठी 'निऱिसिदळ्' आलं असतं, म्हणजे आवडणं वेगळं आणि वाचणं वेगळं. 'म' सुद्धा गोल कंसात आहे, जुन्या कानडीत झिजलेला म आणि व एकमेकांचे भाऊ.

शेंदूर अजून काढायचा बाकी आहे. खालच्या लढाईच्या कप्प्यात गुरांवर बोटभर थर आहे, पुजारी काकांनी 'आमावस्येनंतर बघू की' म्हटलंय. लोखंडी ब्रशनं घासायचं नाही, पाया पडतो.

दुसरा दगड, हात कोरलेला

हा सतीचा दगड. खांबातून कोपरात वाकलेला हात वर आलाय, मनगटात बांगड्या, बाजूला चंद्र-सूर्य. खाली देवनागरीत चार ओळी:

१. श्री ॥ शके १६.७ पा[र्थि]व नाम संव[त्सरे]
२. मार्गसिर व॥ ५ . . वारे
३. --- जी (पा)टील याची अस्त्री . (सा)वाई
४. स[ह]गमन के[लें]

याच दगडावर गेल्या जत्रेच्या आधी आपल्याच काही पोरांनी पिवळा ऑइल पेंट भरलाय. हेतू चांगला होता, मान्य, पण गेलेल्या आकड्याच्या जागी त्यांनी छान गोल पाच काढला. झालं १६५७, आणि लगेच 'शिवकाळातला दगड' म्हणून फोटो फिरले. एक तर शके आहे रे, इ.स. नाही. शके १६५७ म्हणजे १७३५. दुसरं म्हणजे संवत्सर जुळत नाही. हिशोब कुणीही करून बघा: शकात बारा मिळवा, साठनं भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा नंबर. १६५७ अधिक १२ म्हणजे १६६९, भागून बाकी ४९, म्हणजे राक्षस. दगडावर 'पा' स्वच्छ आहे, शेवटी 'व' आहे, आणि साठात 'पा'नं सुरू होणारा एकच, पार्थिव, नंबर १९.

तर १६.७ मधे कुठला आकडा घातला की बाकी १९ येते? दोन घातला की १६२७, बाकी १९. आठ घातला की १६८७, बाकी परत १९, कारण मधे बरोबर साठ वर्षं. बाकी कुठलाच बसत नाही. म्हणजे इ.स. १७०५ नाहीतर १७६५. पेंटच्या खाली दोनाची गाठ आहे का आठाची नुसती तिरकी रेघ आहे, ते पेंट निघाल्याशिवाय कळणार नाही. वार वाचता आला असता तर दोनातला एक नक्की कटला असता, पण त्या जागी कुणीतरी वर्षानुवर्षं विळे घासलेत, 'वारे' तेवढं उरलंय.

बाईंचं नाव. 'वाई' म्हणजे बाईच, जुन्या लिखाणात ब च्या जागी व सर्रास. त्याच्या आधीचं अक्षर 'सा' की 'मा'? म ची डावी गाठ असावी त्या ठिकाणी नेमका खड्डा आहे. 'सा' असेल तर तुळसाबाई, म्हाळसाबाई अशी नावं, 'मा' असेल तर उमाबाई, रमाबाई, भीमाबाई. आधी एकच अक्षर मावेल असं वाटतं म्हणून तुळसाबाई बसवताना जागा कमी पडते, पण कोरणारे ओळीच्या शेवटाला अक्षरं दाटून बसवतात हे पण खरं. मी नाव ठरवत नाही. नवऱ्याच्या नावाचं तर 'जी' एवढंच आहे, आणि त्या 'जी' वरून तीन घरांनी आमचे पूर्वज म्हणून हक्क सांगितलाय.

अजून एक. गावात सांगतात की बाई 'हसत हसत, स्वखुशीनं' गेल्या. दगडावर तसलं एक अक्षर पण नाही. 'सहगमन के' पर्यंत आहे, पुढं दगड फुटलाय. कुणी खुशीनं गेलं का ढकललं हे त्या फुटलेल्या कोपऱ्यात शोधू नका, आणि बोर्डवर तर अजिबात लिहू नका.

तिसरा दगड

हा पण वीरगळ, लहान, नाव नाही गाव नाही. एकच ओळ, आणि ती सगळ्यात जास्त झिजलेली. तरी हीच मी जवळजवळ पूर्ण भरलीय:

[जि]तेन ल[भ्य]ते ल[क्ष्मी]र्मृ[तेना]पि सु[राङ्गना] ---

पहिल्या दगडावर एका अक्षरासाठी एवढा हट्ट आणि इथं धडाधड कंस, असं का? कारण हा श्लोक कर्नाटकातल्या कितीतरी वीरगळांवर येतो, पाठ ठरलेला आहे. दिसणारी सगळी अक्षरं त्याच अंतरावर त्याच जागी बसतात. जिंकलास तर लक्ष्मी, मेलास तर अप्सरा. पुढची अर्धी ओळ, क्षणात नासणाऱ्या देहाला रणातल्या मरणाची कसली चिंता, ही दगडावर होती की नाही माहीत नाही, तिथून सगळं गुळगुळीत आहे, म्हणून ती वाचनात घातली नाही.

बोर्डचा मजकूर

एवढंच लिहा: 'दगड १: वीरगळ, जुनी कानडी, इ.स. १११७-१८ किंवा १११८-१९. गुरं सोडवताना पडलेल्या वीराचा, नावाचा शेवट ...य्य. दगड २: सतीशिळा, मराठी, शके १६२७ किंवा १६८७. नावं अर्धवट. दगड ३: वीरगळ, संस्कृत श्लोक, काळ लिहिलेला नाही.' मराठीत आणि कानडीत दोन्ही, सारख्या साइजमधे. सरदार, सेनापती, शिवकाळ, कदंबकाळ, यातलं काही नको. 'किंवा' हा शब्द पेंटर गाळेल, त्याला समोर बसून लिहायला लावा.

चौथा, ओढ्यावरचा

यावर कपडे आपटून आपटून तीनच अक्षरं राहिलीत, '. द गौ(ड) .', बास. गौड म्हणजे गावचा पाटील, कानडीत, आणि तो सुद्धा 'ड' ला धरून, 'ड' गेला तर काहीच नाही. पण दगडाची जाडी बघता कोरीव बाजू कदाचित खाली असावी. परवा मी तिथं वाकून बघत होतो तर धुणं धुणाऱ्या आज्जी म्हणाल्या, "काय वाचायलास रे, माझ्या सासूच्या आधीपासनं हितंच हाय तो." मी म्हटलं आज्जी, एकदा पालथा करू काय. म्हणाल्या, "कर की, पण मला दुसरा दगड दे आदी." तर कुणाकडं जुन्या घराचा एखादा सपाट चिरा पडून असेल तर सांगा, आणि रोप लावणी संपल्यावरच्या रविवारी पहारी घेऊन तिघंजण या.