कार्यभार हस्तांतर टिपण: व्यवस्थापक, पेशी संवर्धन प्रयोगशाळा

माझा कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, ३० तारीख. नवी नेमणूक अजून झालेली नाही, म्हणून तोपर्यंत वरिष्ठ तंत्रज्ञांनी आणि नंतर येणाऱ्या व्यवस्थापकांनी, दोघांनीही हे टिपण वापरायचे आहे. यंत्रे कशी चालवायची ते प्रत्येक यंत्राजवळच्या फाइलमध्ये आहे. फाइलमध्ये नसलेल्या गोष्टी इथे लिहिल्या आहेत.

हातात वेळ कमी असेल तर प्रलंबित कामांपैकी पहिली दोन आधी वाचा. ती पुढच्या आठवड्यावर ढकलता येणार नाहीत.

प्रलंबित कामे

१. फ्रीझरच्या धोक्याचा संदेश अजून माझ्याच मोबाइलवर येतो. उणे ८० अंशांच्या दोन्ही फ्रीझरचे तापमान उणे ७० च्या वर गेले की यंत्रणा आधी माझा क्रमांक लावते आणि मी न उचलल्यास रात्रपाळीच्या सुरक्षा कक्षाचा. क्रमांक बदलण्याची विनंती मी संगणक विभागाला सोमवारी पाठवली आहे. २९ तारखेपर्यंत बदल झालाच पाहिजे. झाल्यावर फ्रीझरचा तापमापक थोडा वेळ बाहेर काढून संदेश खरोखर येतो का ते पाहा. 'बदल केला आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका.

२. ज्वलनशील पदार्थांच्या कपाटात, खालच्या फळीवर, लाल चिकटपट्टी लावलेली डायइथाइल ईथरची बाटली आहे. ती कधी उघडली याची नोंद नाही आणि झाकणाभोवती पांढरे स्फटिक दिसतात. उघडलेल्या ईथरमध्ये हवेमुळे पेरॉक्साइड तयार होतात आणि असे स्फटिक नुसत्या घर्षणाने, झाकण फिरवतानाही फुटू शकतात. बाटली हलवू नका, उघडू नका, पुसूही नका. सुरक्षा अधिकाऱ्यांना लेखी कळवले आहे. विल्हेवाटीचे पथक ४ तारखेला येणार आहे आणि तोवर कपाटाला कुलूप राहील. विद्रावक हवा असेल तर शेजारच्या प्रयोगशाळेतून घ्यायचा, हे सर्वांना सांगून झाले आहे. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र पुन्हा सांगावे लागेल.

३. फ्रीझर क्रमांक २ चा कॉम्प्रेसर जवळजवळ सतत चालतो. मागचा फिल्टर साफ केला, दाराचे रबर बदलले, तरी फरक नाही. दुरुस्तीचे कोटेशन आले आहे, पण नवा घ्यायचा की दुरुस्त करायचा यावर विभागप्रमुखांचा निर्णय व्हायचा आहे. माझे मत नवा घ्यावा असे आहे, कारण दुसऱ्यांदा कॉम्प्रेसर बदलावा लागतो आहे. निर्णय होईपर्यंत ज्यांची दुसरी प्रत नाही असे नमुने त्यात ठेवू नका. रुग्णांचे नमुने मी फ्रीझर १ मध्ये, तिसऱ्या कप्प्यात हलवले आहेत.

४. प्रतिपिंडांचे एक पार्सल बर्फ वितळलेल्या अवस्थेत आले. पुरवठादाराने बदली माल देण्याचे मान्य केले आहे. पार्सल उघडतानाचे फोटो आणि पत्रव्यवहार खरेदी विभागाच्या फोल्डरमध्ये आहेत. १० तारखेपर्यंत माल आला नाही तर आठवण करा.

५. शिक्षण पूर्ण करून गेलेल्या एका विद्यार्थिनीचे तीन खोके नायट्रोजन टाकीत आहेत. त्यांच्या मार्गदर्शकांनी महिनाअखेर निर्णय द्यायचे कबूल केले आहे. लेखी होकार मिळाल्याशिवाय एकही नळी टाकू नका.

नियमित कामे

रोज सकाळी दोन्ही फ्रीझरचे तापमान रजिस्टरमध्ये लिहायचे. आकडा लिहिताना मागच्या आठवड्याच्या आकड्यांवरही नजर टाका. उणे ८०, ७९, ७७ अशी तापमानात हळूहळू वाढ दिसली तर धोक्याची घंटा वाजण्याची वाट पाहू नका. फ्रीझर बंद पडलाच तर दार बंद ठेवा, कारण भरलेला फ्रीझर बराच वेळ थंडी धरून ठेवतो. हलवण्याचा क्रम दारावर चिकटवला आहे. कोरडा बर्फ वापराल तर खोली हवेशीर ठेवा आणि तो घट्ट झाकणाच्या डब्यात कधीच भरू नका.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथेच नवीन माणूस फसतो. सिलिंडरमध्ये वायू द्रवरूपात असतो. त्यामुळे द्रव शिल्लक असेपर्यंत दाबमापकाचा काटा जवळपास तिथेच राहतो. काटा खाली येऊ लागतो तेव्हा द्रव संपलेला असतो आणि हातात फार कमी वेळ उरतो. म्हणून दर सोमवारी सिलिंडरचे वजन करा. रिकामे वजन त्याच्या मानेवर कोरलेले असते. भरलेल्या वायूचा पाव भाग उरला की नवीन मागवा. इन्क्युबेटर ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर ठेवलेले आहेत. त्यांच्या ताटलीतले पाणी दर आठवड्याला बदलायचे आणि ते निर्जंतुक ऊर्ध्वपातित असावे.

द्रव नायट्रोजनची पातळी सोमवारी व गुरुवारी मोजपट्टीने पाहायची. १५ सेंटिमीटरच्या खाली गेली की भरायची. भरताना दोन माणसे हवीत. खोलीतला ऑक्सिजन मापक १९.५ टक्क्यांवर वाजतो. तो वाजत असेल तर कुणी आत पडलेले दिसले तरी एकट्याने धावत जाऊ नका, आधी सुरक्षा कक्षाला कळवा. भरलेली टाकी लिफ्टने पाठवताना सोबत माणूस जाणार नाही, हा नियम मोडण्याची सवलत कुणालाही देऊ नका.

ऑटोक्लेव्हची जैविक चाचणी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी असते. पट्टीवरचे काळे पट्टे फक्त उष्णता पोहोचल्याचे दाखवतात. जंतू मेले का ते बीजाणूंच्या कुपीवरूनच कळते. न तापवलेली एक कुपी तुलनेसाठी सोबत ठेवा. तीही वाढली नाही तर चाचणी बाद धरा.

मायकोप्लाझ्मा तपासणी दर महिन्याला. बाहेरून आलेली प्रत्येक पेशीरेषा निकाल येईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. जैवसुरक्षा कॅबिनेटचे वार्षिक प्रमाणन नोव्हेंबरमध्ये असते. तंत्रज्ञाची वेळ सप्टेंबरमध्येच घ्या.

संपर्क

सुरक्षा अधिकारी, अंतर्गत क्रमांक २१४. रसायनाची शंका असेल तर आधी यांना फोन, मग ईमेल.

खरेदी विभाग, २३१. बुधवारी दुपारपर्यंत आलेल्या मागण्या त्याच आठवड्यात जातात. उत्पादन क्रमांक नसलेली मागणी परत येते.

फ्रीझरचा सर्व्हिस इंजिनिअर: क्रमांक दोन्ही फ्रीझरच्या बाजूला चिकटवलेला आहे. फोन करताना मॉडेल, अनुक्रमांक आणि पडद्यावरचा त्रुटी क्रमांक तयार ठेवा, नाहीतर तो चुकीचा सुटा भाग घेऊन येतो.

रात्रपाळीचा सुरक्षा कक्ष, २००. इथली माणसे बदलत असतात. नवीन माणूस आला की फ्रीझरची खोली स्वतः नेऊन दाखवा.

पासवर्ड या टिपणात नाहीत. ते विभागप्रमुखांकडे बंद पाकिटात आहेत आणि मी गेल्यावर लगेच बदलायचे आहेत. नायट्रोजन खोलीची दुसरी किल्ली वरिष्ठ तंत्रज्ञांना दिली आहे. पहिली किल्ली मी ३० तारखेला सही घेऊन देईन. पुढचे दोन आठवडे संध्याकाळी सहानंतर मला फोन करायला हरकत नाही. माझा क्रमांक विभागप्रमुखांकडे आहे.