शिमगोत्सव समिती : सचिवांचा वार्षिक अहवाल

अध्यक्ष, मानकरी, गावकरी आणि रात्रीच्या गाडीने आलेले चाकरमानी मंडळी, नमस्कार.

हिशोब म्हटलं की मागच्या बाकांवरचे तपकिरीची डबी काढतात, म्हणून आधी शेवटचा आकडा सांगतो: शिल्लक 33,200 रुपये. आता झोपलात तरी चालेल.

जमा 1,77,000. गेल्या वर्षीची शिल्लक 12,400, घरटी पाचशेप्रमाणे 186 घरांची वर्गणी 93,000, मुंबईकर मंडळाचे 40,000, पालखीपुढची दानपेटी 31,600. चौदा घरं बाकी आहेत. नावं वाचत नाही, पालखी त्यांच्याही अंगणात नाचली आहे. पण वही माझ्या पिशवीतच आहे.

खर्च 1,43,800. मांडव-लाईट 38,000, नमन मंडळी 25,000, किरकोळ 19,300. त्यात जनरेटरचं डिझेल धरलंय, कारण संकासुर मांडवात शिरला आणि नेमकी वीज गेली. पोरं अजून सांगतात, तोही घाबरला.

उरले 61,500, तो महाप्रसाद. आमटीसाठी नारळ किती लागले विचारू नका; वाडीवाडीतून पोती आली, एकही विकत घेतला नाही. तांदूळ मात्र घ्यावा लागला, आणि माझ्या मते पुढच्या वर्षी तोही घरटी पायलीभर मागावा. काकी मंडळींनी मान हलवलीय, नोंद घेतो.

पावत्यांची फाईल टेबलावर आहे, कुणीही चाळावी. शिल्लक सहाणेच्या कौलांसाठी पावसाआधी वापरावी, असा ठराव मांडतो. अनुमोदन कोण देतंय?