बोंबील रवा फ्राय: शूटिंग स्क्रिप्ट, करावे गाव, काकीचं स्वयंपाकघर

एकूण लांबी ६ मिनिटं २० सेकंद. कॅमेरे दोन: ओंकारचा मोठा कॅमेरा ट्रायपॉडवर, माझा मोबाइल जवळच्या शॉटसाठी. शूट बुधवारी. रविवारी दिवाळे गावच्या मासळी बाजारात पाय ठेवायला जागा नसते आणि काकी घाईत असते.

आधी एक गोष्ट ओंकारसाठी. मागच्या वेळी आपण बोंबलातलं पाणी काढायचा भाग अकरा सेकंदांत उरकला होता. त्याखाली आलेल्या निम्म्या कमेंट एकच सांगत होत्या: तव्यावर बोंबील तुटले, रवा सुटून तेलात गेला. चूक पाहणाऱ्यांची नव्हती, आपल्या कापाकापीची होती. या वेळी अख्खा व्हिडिओ पाणी काढण्याभोवती उभा आहे. बाकी कुठेही कात्री लाव, तिथे लावायची नाही.

खरेदी: बोंबील १४. स्क्रीनवर आठच दिसणार, उरलेले सहा चुकांसाठी. अंगावर चकाकी असलेले, गुलाबीसर पांढरे, हातात घेतल्यावर घट्ट लागणारे. मलूल आणि पिवळसर असतील तर त्या दिवशी शूट नाही, सरळ घरी परत.

उजेड: काकीच्या ओट्याची खिडकी पूर्वेला आहे, साडेदहापर्यंत छान ऊन येतं. ट्यूब बंद. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ३० फ्रेमला ट्यूबखाली पट्टे फिरताना दिसतात. मोठा कॅमेरा २५ फ्रेम, शटर १/५०. ट्यूब लावावीच लागली तर तेव्हाही हेच सेटिंग. स्लो मोशन मात्र फक्त खिडकीच्या उजेडात.

०:०० ते ०:१२ | सुरुवात
मोबाइल, अगदी जवळून. तळलेला बोंबील काकी दोन हातांनी मोडते. कुरकुरीत कवच तुटतं, आत पांढरं मांस, वाफ निघते. संगीत नाही, फक्त मोडल्याचा आवाज. हा शॉट शेवटी घ्यायचा, लावायचा सुरुवातीला. मागे काळी फरशी ठेव आणि उजेड मागून येऊ दे, म्हणजे वाफ दिसेल. भिंत पांढरी असली की वाफ गायब होते, हे आपण गरम भाताच्या वेळी शिकलो.

ओव्हरले: काहीच नाही.

०:१२ ते ०:४० | काय काय लागणार
वरून शॉट. परातीत सगळं मांडलेलं, काकीचा हात एकेक वस्तू पुढे सरकवतो. वस्तू हातात आली की तिचं नाव उमटतं आणि तीन सेकंद राहतं. सगळी यादी एकदम टाकायची नाही. अक्षरं मुक्ता फॉन्टमध्ये, जाड, पांढरी, मागे पातळ काळी पट्टी. पट्टी खालच्या पाचव्या भागात नको, उभ्या कापणीत तिथे बटणं येतात.

ओव्हरले, याच क्रमाने:
ताजे बोंबील, ८ मध्यम
मीठ, १ चहाचा चमचा (अर्धं आत्ता, अर्धं नंतर)
हळद, पाव चमचा
आगरी मसाला, दीड चमचा
लसूण ६ पाकळ्या, आलं अर्धा इंच, हिरव्या मिरच्या २, कोथिंबीर मूठभर
लिंबाचा रस, २ चमचे
तांदळाचं पीठ अर्धी वाटी, बारीक रवा पाव वाटी
तेल, तवा भिजेल इतकं

कोपऱ्यात बारीक: वाटी म्हणजे १५० मिली.

व्हॉइसओव्हर (मी): "वाटणाला पाणी अजिबात नाही, लिंबाचा रसच पुरेल. का, ते पुढे दिसेल."

०:४० ते १:५० | साफ करणं
ओंकार, बाजूने, काकीच्या खांद्याच्या उंचीवर. विळीच्या पात्यावर डोकं जातं, शेपूट जाते, पंख कात्रीने. एवढं पटपट, १५ सेकंद. मग थांबायचं.

मोबाइल, २x वर, हातापासून फूटभर लांब. बोंबील पोटाकडून चिरून वहीसारखा उघडतो. काकी अंगठ्याने मधला काटा वरून खाली सोलते. ही हालचाल न कापता पूर्ण घ्यायची, निदान २० सेकंद. नव्या माणसाचा हात इथेच अडतो. काकीला सांगायचं की दुसरा बोंबील मुद्दाम सावकाश करायचा. ती "मी सावकाशच करतेय गो" म्हणेल आणि पुन्हा तेवढ्याच वेगाने करेल. म्हणून हा शॉट चार बोंबलांवर घ्यायचा.

ओव्हरले: "पाठ कापायची नाही, दोन्ही बाजू जोडलेल्या राहू द्या."

काकी (थेट): "आतलं काळं नीट काढायचं, नाहीतर कडू लागतं."

काकीची बोली जशी आहे तशीच ठेवायची. मागच्या वेळी तू तिचा "नाय" आवाज कमी करून "नाही" लावायला निघाला होतास, तसलं काही करू नकोस.

१:५० ते २:५५ | पाणी काढणं
इथे वेळ द्यायचा. शॉट असे:

१. लाकडी पाट, एका बाजूला खाली लाकडाचा तुकडा, म्हणजे पाट उतरता. उताराखाली परात. पाटावर सुती फडकं, त्यावर उघडलेले बोंबील, कातडी खाली. अर्धा चमचा मीठ भुरभुरतं. मीठ पडताना मोबाइल बाजूने, खिडकी मागे, कण उडताना दिसतील. ६ सेकंद.

२. वर दुसरं फडकं, त्यावर पाटा ठेवताना काकीचे हात. पाटा जड आहे, ओंकार, तू आधी उचलून बघ. ठेवताना आदळू नये, बोंबील चिरडेल. ४ सेकंद.

३. परातीत पहिला थेंब. मोबाइल परातीच्या काठाला टेकवून, फोकस लॉक. थेंब पडायला दोन-तीन मिनिटं लागतील, रेकॉर्डिंग चालू ठेव. याचा आवाज हवाच, स्टीलच्या परातीत टप्प. पंखा आणि एग्झॉस्ट बंद.

४. टाइमलॅप्स. ४५ मिनिटं, दर ६ सेकंदांना एक फोटो, म्हणजे ४५० फोटो, २५ फ्रेमने १८ सेकंद. मोठा कॅमेरा अजिबात हलवायचा नाही. पाट, पाटा, परात तिन्ही चौकटीत. परातीतलं पाणी चढताना दिसलं पाहिजे.

टाइमलॅप्सवर वरच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळ धावतं, ०० पासून ४५ पर्यंत. मधे ओव्हरले: "४५ मिनिटं. कमी नको."

व्हॉइसओव्हर: "बोंबलात पाणी फार. मीठ ते बाहेर ओढतं, पाटा ढकलतो. पाणी आत राहिलं तर तव्यावर त्याची वाफ होते, वाफ रव्याला ढकलून देते आणि मासा तुटतो. पाटा नसेल तर पोळपाट आणि त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा."

५. पाटा उचलल्यावर. आधीचा जाड, थरथरता बोंबील आणि दाबलेला चपटा, शेजारी शेजारी. आधीचा म्हणजे उरलेल्या सहातला एक, दाबायचा नाही, फ्रिजमध्ये ठेवायचा. काकी दोन्ही शेपटीकडून उचलते: एक लोंबतो, एक ताठ राहतो. हा शॉट हुकला तर व्हिडिओच हुकला.

काकी: "पाणी गेलं नाय तर तो तव्यावर रडतो."

थंबनेल याच शॉटमधून. ४५ मिनिटांत आपण रिकामे नाही बसायचं, वाटण आणि तव्याची जागा या वेळात आटपून घ्यायची.

२:५५ ते ३:४० | मसाला
वाटण मिक्सरमधून काढलेलं, वाटीत, घट्ट. मोबाइल वरून. चमचा उभा राहतो हे दाखव. हळद, आगरी मसाला, उरलेलं मीठ, लिंबू यांत कालवून बोंबलाला आतून-बाहेरून चोळायचं. बोटांचा जवळचा शॉट, ५ सेकंद पुरे.

ओव्हरले: "२० मिनिटं." छोटं घड्याळ, दोन सेकंदांत संपतं. इथे लांबण लावायचं काही कारण नाही.

३:४० ते ४:१५ | रवा
ताटात तांदळाचं पीठ आणि रवा. बोंबील घोळवायचा, हाताने हलकेच दाबायचा, झटकायचा. झटकताना पडणारा रवा स्लो मोशन, १२० फ्रेम. दीड सेकंद घेतलंस तर २५ फ्रेमवर सात सेकंदांच्या आसपास येतील. एकच टेक, काकी तीन वेळा झटकणार नाही.

ओव्हरले: "तव्यावर टाकायच्या आधी लगेच. घोळवून ठेवलात तर रवा ओला होतो."

४:१५ ते ५:४० | तळणं
बिडाचा तवा. नॉनस्टिकवर तळण्याचा आवाज गरीब वाटतो आणि चकाकीत माझा मोबाइल दिसतो. तेल तापलं की नाही ते बघायला चिमूटभर रवा टाकायचा. तो लगेच फसफसून वर आला पाहिजे. जवळून, ३ सेकंद.

मग पहिला बोंबील तेलात. मोठा कॅमेरा ४५ अंशांवरून, मोबाइल २x वर, तव्यापासून हातभर लांब. लेन्स जवळ नेलीस तर तेलाचे शिंतोडे येतील आणि पुढचे सगळे शॉट धुक्यात जातील. शेजारी ओलं न केलेलं सुती फडकं तयार ठेव.

आवाज वेगळा: माझा दुसरा फोन ओट्यावर, तव्यापासून दोन फूट, पूर्ण तळणभर चालू. खालून गाडीचा हॉर्न आला तरी थांबायचं नाही, एडिटमध्ये भरून घेऊ.

ओव्हरले, तव्याच्या डाव्या बाजूला घड्याळ: "पहिली बाजू, ३ मिनिटं, मध्यम आच." व्हिडिओत आपण २० सेकंदच दाखवतो, पण घड्याळ खरं धावतं. मधे जम्प कट, प्रत्येक कटला कडेचा रंग बदललेला: पांढरा, फिका पिवळा, बदामी.

व्हॉइसओव्हर: "हात शिवशिवतो, माहीत आहे. हलवू नका."

उलटणं: काकी दोन उलथनी घेते, एक खाली, एक वर आधाराला. पूर्ण शॉट, कट नाही. इथे एक तुटला तर? तुटू दे, ठेवू. लोकांना विश्वास बसेल. दोन तुटले तर मात्र चुकांसाठी ठेवलेले बाहेर काढ.

दुसरी बाजू ३ मिनिटं. काढून जाळीवर, कागदावर नको. कागदावर खालून वाफ धरते आणि तळ मऊ पडतो. ओव्हरले: "जाळीवर."

५:४० ते ६:२० | ताट
तांदळाची भाकरी, कांदा, लिंबाची फोड, चार बोंबील. ओंकार, ताट खिडकीजवळ, उजेड डावीकडून. काकी बसलेली, कॅमेऱ्याकडे न बघता खाते. तिला काही बोलायला सांगायचं नाही. मागच्या वेळी "मस्त झालंय म्हण" सांगितल्यावर ती बातम्या वाचल्यासारखी बोलली होती.

पहिला घास, त्याचा आवाज, मग ती भाकरी मोडताना कट.

सुरुवातीचा मोडण्याचा शॉट याच वेळी, ताट लावायच्या आधी, पहिल्या गरम बोंबलावर घे. वाफ दोन मिनिटांत जाते. आणि तो शॉट पडद्यावर बघून झाल्याशिवाय तुझ्यासकट कुणीही ताटाला हात लावायचा नाही.